घरी 36, शाळेत 24: बीजगणिताच्या जुन्या प्रश्नपत्रिका कशा सोडवायच्या आणि कशा तपासायच्या

प्रश्न: सर, मुलगा दहावीत आहे, आम्ही नाशिकरोडला राहतो. डिसेंबरपासून त्याने बीजगणिताच्या अकरा जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या. घरी 40 पैकी 35-36 पडतात, पण शाळेच्या पूर्वपरीक्षेत 24 पडले. अजून पेपर आणून द्यावेत का? आणि यंदा काय येईल ते जुन्या पेपरांवरून ओळखता येतं का?

उत्तर:

ताई, नवीन संच आत्ता आणू नका. आधी पूर्वपरीक्षेची तपासलेली उत्तरपत्रिका शाळेतून पाहायला मागून घ्या आणि घरी 36 पडलेला एखादा पेपर तिच्याशेजारी ठेवा. मी बरीच वर्षं दहावीला गणित शिकवतोय, उत्तरपत्रिकाही तपासल्यात. घर आणि शाळा यांत दहा-बारा गुणांचा फरक दिसला की माझा पहिला संशय घरच्या गुणांवर असतो. ते गुण खरे करून घेतल्याशिवाय बारावा पेपर सोडवूनही हाती काही लागत नाही.

आणि पेपर वाया घालवण्याइतके आपल्याकडे आहेतच कुठे? आत्ताच्या अभ्यासक्रमावरची पहिली बोर्ड परीक्षा मार्च 2019 ची. त्याआधीच्या पेपरांत अर्थनियोजन हे प्रकरणच नाही, त्यामुळे ते पेपर सुट्या उदाहरणांच्या सरावाला चालतील, पण पूर्ण पेपर म्हणून सोडवू नयेत. 2021 मध्ये बोर्डाची परीक्षा झाली नाही. 2022 ची झाली ती कमी केलेल्या अभ्यासक्रमावर. म्हणजे मार्चचे मोजके पेपर आणि पुरवणी परीक्षांचे काही, एवढीच खरी पुंजी. एकदा सोडवलेला पेपर मूल दुसऱ्यांदा घेतं तेव्हा उत्तरं अर्धवट आठवत असतात, मग त्यातून खरी पातळी कळत नाही. तुमच्या मुलाने अजून हात न लावलेले दोन-तीन पेपर शिल्लक असतील तर ते आजच बाजूला काढून ठेवा.

आता एका मुलाचा पेपर सविस्तर सांगतो. सिडकोतला मुलगा, अभ्यासू. त्याने स्वतः सोडवून स्वतःच तपासलेला बीजगणिताचा पेपर मला आणून दाखवला. गुण लिहिले होते 35. आम्ही दोघांनी बसून तो पुन्हा तपासला, तेव्हा 27 झाले. हे आठ गुण कुठे गेले, ते एकेक करून पाहू.

पहिले चार वेळेत गेले. पेपर दोन तासांचा, पण त्याने सोडवला दोन तास सतरा मिनिटांत. "शेवटचं उदाहरण येत होतं, म्हणून पूर्ण केलं," असं तो म्हणाला. येत होतं हे खरंच, पण परीक्षेत ते कागदावर आलंच नसतं. इथे मी एक साधी सवय लावतो. दोन तास झाले की जिथे असाल तिथे आडवी रेघ मारायची, पेन बदलायचं आणि पुढचं दुसऱ्या शाईने लिहायचं. मग गुण दोन लिहायचे, एक रेघेपर्यंतचा आणि एक संपूर्ण पेपरचा. दोन्हींत मोठं अंतर असेल तर मुलाला गणित येतंय, पण वेळ पुरत नाही. दोन्ही जवळपास सारखे आणि कमी असतील तर दुखणं वेगळं आहे. हे कळायला दुसरा सोपा उपाय मला माहीत नाही.

वेळ नेमका कुठे गेला हेही शोधता येतं, फक्त प्रत्येक मुख्य प्रश्न संपला की समासात घड्याळातली वेळ लिहायची. या मुलाच्या नोंदी अशा होत्या: पहिल्या प्रश्नाला 22 मिनिटं, दुसऱ्याला 40, तिसऱ्याला 31, चौथ्यातल्या एका उदाहरणाला 15, पाचव्याला 12. झाले 120. चौथ्यातलं दुसरं उदाहरण रेघेखाली गेलं. आता पहिला प्रश्न आठ गुणांचा. त्यात चार बहुपर्यायी आणि चार एका गुणाची उदाहरणं असतात, त्याला 12-13 मिनिटं पुरायला हवीत. दुसऱ्या प्रश्नात त्याने काय केलं होतं, तर "कोणतीही चार" म्हटलेलं असताना पाचही उदाहरणं सोडवली होती, एखादं चुकलं तर हाताशी असावं म्हणून. त्या पाचव्या उदाहरणाची सहा मिनिटं आणि पहिल्या प्रश्नातली नऊ-दहा, एवढ्यात चौथ्यातलं राहिलेलं चार गुणांचं उदाहरण बसलं असतं.

मी मुलांना साधारण असा अंदाज देतो: पहिला प्रश्न 12 मिनिटं, दुसरा 32, तिसरा 28, चौथा 26, पाचवा 10. म्हणजे 108 झाली, उरलेली बारा मिनिटं पुन्हा पाहायला आणि आलेखाला. दोन चलांतील समीकरणांचा आलेख निवडला तर अक्ष आखणं, प्रमाण लिहिणं, बिंदू घेणं यात दहा-बारा मिनिटं सहज जातात. घरी आलेख कागदाऐवजी वहीच्या पानावर हाताने रेषा काढून "पद्धत येते" म्हणत पुढे सरकणारी मुलं मी दरवर्षी पाहतो. सराव करायचा तर आलेख कागदावरच करायचा. बोर्ड 2023 पासून पेपरच्या शेवटी दहा मिनिटं वाढवून देतं, पण सरावात ती धरू नका. वर्गातला गोंधळ, बैठक क्रमांक लिहिणं, पुरवणी जोडणं यांत ती कधी निघून जातात कळत नाही.

पुढचा एक गुण नियमाने गेला. बहुपर्यायी प्रश्नात त्याने आधी एक पर्याय लिहून खोडला आणि मग दुसरा, बरोबर पर्याय लिहिला. स्वतःला एक गुण दिला. पण प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावरच्या सूचना तुम्ही स्वतः वाचा, ताई. प्रश्न 1 (अ) मध्ये पहिला प्रयत्नच ग्राह्य धरतात. खोडून लिहिलेल्या बरोबर उत्तराला शून्य. त्याच सूचनांत गणकयंत्र वापरायला परवानगी नाही असंही लिहिलेलं असतं. घरी जीएसटीचं उदाहरण किंवा सांख्यिकीतला मध्य काढताना मोबाईल शेजारी असतो का, एवढं मुलाला सहज विचारा. ओरडू नका, फक्त विचारा.

दीड गुण मांडणीत गेला, आणि हा सगळ्यात फसवा प्रकार. आकडे बदलून सांगतो. आयताकृती द्राक्षबागेची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा 10 मीटरने जास्त आहे, क्षेत्रफळ 600 चौरस मीटर, तर कुंपणाला एका फेऱ्याची तार किती लागेल? या मुलाने असं लिहिलं होतं:

x(2x + 10) = 600
x² + 5x − 300 = 0
(x + 20)(x − 15) = 0
x = 15
2(40 + 15) = 110

उत्तर पुस्तकाशी जुळलं, म्हणून त्याने चारपैकी चार घेतले. मी अडीच दिले. "बागेची रुंदी x मीटर मानू" हे वाक्य नाही, त्यामुळे x म्हणजे काय ते तपासणाऱ्याने समजून घ्यायचं. अवयव पाडल्यावर x = −20 किंवा x = 15 असं दोन्ही लिहून, रुंदी ऋण नसते म्हणून −20 स्वीकारायचं नाही, हे नाही. आणि शेवटी "110 मीटर तार लागेल" हे एककासह वाक्य नाही. तीन ठिकाणी अर्धा-अर्धा. तपासणाऱ्यासमोर आदर्श उत्तरपत्रिका असते आणि तिच्यात गुण पायरीला वाटलेले असतात. मुलाच्या मनातली पायरी त्याला दिसत नाही. घरी तपासताना मात्र आपण ती मनातली पायरीही वाचतो, कारण ती आपल्याच मनात असते. स्वतःचा पेपर स्वतः तपासला की गुण फुगतात ते मुख्यतः यामुळे, मुलाने जाणूनबुजून लबाडी केलेली नसते.

अर्धा गुण सूत्रात. अंकगणिती श्रेढीचं चौथं पद 16, नववं पद 41, तर पहिल्या 20 पदांची बेरीज काढा, अशा धर्तीचं तीन गुणांचं उदाहरण. त्याने d = 5 आणि a = 1 बरोबर काढलं. पण बेरजेच्या सूत्रातला 2 ने भागायचा भाग विसरला आणि 970 ऐवजी 1940 लिहिलं. स्वतःला अडीच दिले, "फक्त उत्तर चुकलं" म्हणून. पण चुकलं होतं सूत्र. सूत्र बरोबर लिहून पुढे गुणाकार चुकला असता तर अर्धाच गेला असता. इथे सूत्राचा अर्धा आणि उत्तराचा अर्धा, दोन्ही गेले, म्हणून दोनच. हा भेद वरवर बारीक वाटतो, पण पुढे काय अभ्यास करायचा हे त्यावर ठरतं. गुणाकार चुकणाऱ्या मुलाने कच्चं काम नीट मांडायला शिकायचं आणि सूत्र विसरणाऱ्याने सूत्र पाठ करायचं.

शेवटचा एक गुण डोकावण्यात गेला. कृती पूर्ण करण्याच्या प्रश्नात चौकटी भरायच्या असतात. दोन चौकटींपाशी तो अडला, मागचं उत्तर पाहिलं, भरल्या आणि तीनपैकी तीन घेतले. चौकटीला अर्धा धरला तरी एक गुण उसना.

तर चार, एक, दीड, अर्धा आणि एक. झाले आठ, आणि उरले 27.

आता तपासायचं कोणी आणि कसं? सोडवलं त्याच रात्री तपासू नये. एक रात्र मध्ये जाऊ द्या, म्हणजे "मला असं म्हणायचं होतं" ही आठवण थोडी पुसट होते. त्याहून चांगलं म्हणजे दोन मित्रांनी उत्तरपत्रिका बदलून घेणं. तपासणाऱ्याने आधी उत्तरसंच घेऊन प्रत्येक उदाहरणाशेजारी पेन्सिलीने लिहायचं, कुठल्या ओळीला अर्धा आणि कुठल्या ओळीला एक, आणि मगच मित्राचा कागद उघडायचा. उलट केलं तर समोर जे दिसतं त्याला गुण दिले जातात. तुम्ही स्वतः तपासणार असाल तर गणित येत नसलं तरी हरकत नाही. कागदावर जे नाही त्याला गुण नाही, एवढा एकच नियम पाळा, आणि अडलं तिथे प्रश्नचिन्ह करून शाळेतल्या सरांना किंवा बाईंना दाखवा.

तपासून झालं की गेलेल्या गुणांची वही. तिच्यात गेलेल्या प्रत्येक गुणाला एक ओळ: प्रश्न क्रमांक, प्रकरण, किती गेले, का गेले. "का" साठी चारच शब्द ठेवा: वेळ, मांडणी, नियम, आलंच नाही. त्या मुलाचे 40 पैकी 13 गेले होते. वरचे आठ आणि त्याने आधीच मान्य केलेले पाच: शेअर्सच्या उदाहरणाचे तीन, संभाव्यतेचा दीड आणि त्या बेरजेतला अर्धा. वहीत मांडल्यावर वेळ 4, मांडणी 1½, नियम 1, आणि आलंच नाही 6½. म्हणजे नेमके अर्धे गुण गणित येत असूनच गेले होते. त्याला वाटत होतं संभाव्यता कच्ची आहे, म्हणून तो ती रोज करत होता. वही सांगत होती की आधी पहिला प्रश्न झटपट करायला शीक आणि शेअर्स, दलाली, बाजारभाव एकदा बसून समजून घे. आकडेमोडीच्या चुका फार दिसू लागल्या तर पाचवा शब्द घाला, पण त्याहून जास्त नकोत. मुलं वही रंगवण्यातच संध्याकाळ घालवतात.

पुढचा पेपर लगेच घ्यायचा नाही. दोन-तीन दिवस फक्त गेलेले गुण पुन्हा सोडवायचे, उत्तर न पाहता, कोऱ्या कागदावर. ते जमले की पुढचा पेपर. या हिशोबाने आठवड्याला बीजगणिताचा एकच पेपर होतो, आणि तेवढाच व्हावा. त्या मुलाचे पुढचे गुण 29, मग 28½, मग 32 असे आले. मधे अर्धा कमी झाला तेव्हा तो हिरमुसला होता. पण तो पेपरच जरा अवघड होता, आणि वहीत "वेळ" या शब्दापुढे त्या दिवशी पहिल्यांदाच शून्य होतं. एका पेपरच्या बेरजेपेक्षा हे "का" पाहा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, यंदा काय येईल. नेमकं उदाहरण ओळखता येत नाही. "मागच्या मार्चला आलं म्हणजे यंदा येणार नाही" किंवा "दोन वर्षं आलं नाही, म्हणजे आता नक्की" या दोन्ही गोष्टींना आधार नाही. इतक्या थोड्या पेपरांतून असा नियम निघूच शकत नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मोबाईलवर फिरणाऱ्या "हमखास येणार" याद्यांवर विसंबून एखादं प्रकरण सोडलेली मुलं मी पाहिली आहेत. पेपर हातात पडल्यावर त्यांचा चेहरा पाहवत नाही.

पण पेपरचा सांगाडा बऱ्यापैकी स्थिर असतो, आणि तो स्वतः मोजून पाहण्यासारखा आहे. एका कागदावर सहा प्रकरणं उभी लिहा: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. आडवे पेपर: 2020, 2023 आणि पुढचे. 2019 चा सांगाडा वेगळा होता, तो यात धरू नका. 2022 वेगळ्या रंगात लिहा किंवा सोडा. कमी अभ्यासक्रमामुळे तिथे एखादा उपघटक दिसला नाही तर त्याचा अर्थ काहीच नाही. आता प्रत्येक प्रश्न कुठल्या प्रकरणाचा ते पाहून त्याचे गुण त्या चौकटीत टाका, पर्यायी प्रश्नांसकट. बेरीज 40 येणार नाही, 60 येईल. पहिल्या प्रश्नात पर्याय नाही, तिथे 8. दुसऱ्यात छापलेले 16, सोडवायचे 12. तिसऱ्यात 18 पैकी 9. चौथ्यात 12 पैकी 8. पाचव्यात 6 पैकी 3. तुमची बेरीज 60 आली नाही तर मोजण्यात चूक आहे, पुन्हा पाहा.

हा तक्ता भरला की दोन गोष्टी दिसतात. पहिली, कुठल्या प्रकरणाला साधारण किती वाटा मिळतो. समीकरणांची दोन प्रकरणं आणि सांख्यिकी यांचं पारडं जड दिसेल. दुसरी जास्त कामाची, म्हणजे प्रकरण कुठल्या रूपात कुठल्या प्रश्नात येतं. म्हणून चौकटीत नुसता आकडा न लिहिता प्रश्न क्रमांकही लिहा. निश्चयकाची किंमत किंवा Dx काढणं बहुधा एक-दोन गुणांच्या जागी दिसतं, तेच प्रकरण शाब्दिक उदाहरण होऊन चौथ्या प्रश्नात येतं. श्रेढीचं एखादं पद काढणं लहान प्रश्नात, बचतीचं किंवा हप्त्याचं शाब्दिक उदाहरण मोठ्यात. अर्थनियोजनात सीजीएसटी-एसजीएसटी छोट्या जागी, शेअर्स मोठ्या जागी. मग तुमच्या मुलाची गेलेल्या गुणांची वही या तक्त्यावर ठेवून पाहा. "वर्गसमीकरणं कच्ची" असं मोघम वाक्य जाऊन "अवयव येतात, शाब्दिक उदाहरणाचं समीकरण मांडता येत नाही" असं नेमकं वाक्य हाती येतं. त्याच्यावर एका संध्याकाळी काम करता येतं.

तक्त्यातून आणखी एक समजतं. 60 छापून 40 मागतात म्हणून एक प्रकरण सोडून दिलं तरी चालेल, असं मुलांना वाटतं. पण पहिला प्रश्न बिनपर्यायाचा आहे आणि त्यात ते प्रकरण कुठेतरी डोकावतंच. शिवाय चौथ्यात तीनपैकी दोन सोडवायचे असतात. सोडलेल्या प्रकरणावर एक आलं की उरलेले दोन सक्तीचे झाले, निवड संपली. सिडकोतल्या मुलाने शेअर्सचं उदाहरण घेतलं तेही निवडीतच चुकून. तिसऱ्या प्रश्नात चारपैकी दोन हवे होते, त्याने चारही नीट न वाचता समोर दिसली ती घेतली. निवडीच्या प्रश्नांत आधी सगळी उदाहरणं वाचून खूण करायला दीड-दोन मिनिटं लागतात, ती वर दिलेल्या अंदाजात धरलेलीच आहेत.

एक बारीक गोष्ट राहिली. जुन्या पेपरांत जीएसटीचे 12 आणि 28 टक्के दर दिसतील. सप्टेंबर 2025 मध्ये दर बदलले, म्हणून मुलं गोंधळतात. उदाहरणात जो दर दिलाय त्यानेच सोडवायचं.

तुमच्यासाठी आता क्रम असा. या रविवारी पूर्वपरीक्षेची उत्तरपत्रिका समोर ठेवून गेलेल्या 16 गुणांची वही भरा. ती तपासणी तुमच्या हातची नाही, म्हणून पहिली नोंद तिचीच असू द्या. मग घरच्या अकरांपैकी दोन पेपर पेन्सिलीने पुन्हा तपासा, निदान फुगवटा किती आणि कुठला ते कळेल. त्यानंतर न सोडवलेला एक पेपर, सकाळी अकरा वाजता, आलेख कागद आणि पट्टी घेऊन, मोबाईल दुसऱ्या खोलीत. घरात पाहुणे किंवा टीव्ही असेल तर जवळच्या अभ्यासिकेत बसवा. पिंपळगावकडची माझी एक विद्यार्थिनी ऐन द्राक्षांच्या हंगामात घरात बसायला जागा नाही म्हणून शाळेच्या रिकाम्या वर्गात जाऊन पेपर सोडवायची. शेवटचा कोरा पेपर परीक्षेच्या आठ दिवस आधीसाठी राखून ठेवा, आणि तो तपासायला त्याच्या मित्राकडे द्या.